पाय घसरल्यानंतर: स्वतःला न झोडपता कामाकडे परत कसे वळावे

ठरवलेली गोष्ट मोडली की त्यानंतरचे काही तास निर्णायक ठरतात. अभ्यासाची एक संध्याकाळ बुडाली किंवा सोडलेली सिगारेट एखाद्या दिवशी पुन्हा ओढली गेली, तर त्यातून होणारे नुकसान तसे मोजकेच असते. मोठे नुकसान होते ते त्यानंतर माणूस स्वतःला जे ऐकवतो त्यातून. व्यसनमुक्तीच्या अभ्यासकांना हे फार पूर्वी जाणवले होते. अ‍ॅलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली, एकदा पाय घसरणे आणि पूर्णपणे जुन्या वळणावर जाणे या दोन गोष्टींमध्ये स्पष्ट फरक केला आणि पहिल्यातून दुसरी कशी घडते हेही मांडले. त्या एका घसरणीचे कारण ‘मी मुळातच दुबळा आहे’ असे लावणारा माणूस अपराधीपणाच्या भरात पुढे घसरतच जाण्याची शक्यता अधिक असते, कारण दुबळेपणा मूळचाच असेल तर सावरण्याच्या धडपडीला काही अर्थच उरत नाही.

या लेखात त्या काही तासांपुरतेच बोलायचे आहे. त्या वेळात आत्मसन्मान का अपुरा पडतो, आत्मटीका का उलटते आणि आत्मकरुणा प्रत्यक्षात कशी वापरायची, हे एका उदाहरणाच्या आधाराने पाहू. उदाहरण मी समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातले तपशील बहुतेकांना ओळखीचे वाटतील.

नोकरी करणारी एक स्त्री एका व्यावसायिक परीक्षेची तयारी करत आहे. रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ अभ्यास करायचा, असे तिने ठरवले. पहिले दहा दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले. अकराव्या दिवशी कार्यालयात उशीर झाला आणि अभ्यास राहिला. बाराव्या दिवशी ती थकून तशीच झोपी गेली. तेराव्या दिवशी तिने सराव परीक्षा दिली आणि तीत साठ गुणांची अपेक्षा असताना तिला शंभरपैकी एकेचाळीस गुण मिळाले. त्या रात्री तिच्या मनात जे सुरू झाले ते असे होते: ‘तू आळशीच आहेस. बाकीचे नोकरी, घर सगळे सांभाळून पास होतात. तुझ्याच्याने काही होणार नाही.’ पुढचे पाच दिवस तिने पुस्तक उघडले नाही.

आत्मसन्मान आणि आत्मकरुणा यांत फरक कोठे आहे

आत्मसन्मान म्हणजे माणसाने स्वतःच्या योग्यतेविषयी केलेले मूल्यमापन. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली त्यासाठी तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही वापरली जाते, आणि त्या विधानांचा रोखही ‘मी कितपत चांगला आहे’ याकडेच असतो. आत्मकरुणेचा प्रश्न वेगळा आहे: ‘मला त्रास होत असताना मी स्वतःशी कसा वागतो?’ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली ही संकल्पना मोजता येईल अशा रूपात मांडली आणि तिचे तीन भाग सांगितले. पहिला भाग स्वतःशी निष्ठुर न होता आपुलकीने वागणे, दुसरा आपले अपयश ही आपली एकट्याची लाजिरवाणी गोष्ट नसून माणूसपणाचाच भाग आहे हे ओळखणे, आणि तिसरा दुःखात वाहून न जाता व ते दडपून न टाकता त्याच्याकडे सजगपणे पाहणे.

या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच व्यक्तीत आढळतात, त्यामुळे त्या परस्परविरोधी आहेत असे समजू नये. फरक दिसतो तो अपयशाच्या क्षणी. आत्मसन्मान यशावर, गुणांवर किंवा दुसऱ्याच्या पसंतीवर टेकलेला असेल, तर ते टेकू निसटताच तोही खाली येतो. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा तो जवळ नसतो. शिवाय तो टिकवून ठेवण्याच्या धडपडीत माणूस कमी गुणांचा दोष प्रश्नपत्रिकेला देतो किंवा उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहायचेच टाळतो, आणि दोन्ही वेळा सुधारणेसाठी हवी असलेली माहिती हातची जाते. रॉय बॉमिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा उंचावलेल्या आत्मसन्मानामुळे अभ्यासातील कामगिरी सुधारते याला फारसा आधार मिळाला नाही. चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान वाढतो, असा उलटा संबंधच काही प्रमाणात दिसला.

ज्युलियाना ब्रीन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक मला या फरकाचे सर्वांत स्वच्छ चित्र वाटतो. विद्यार्थ्यांना शब्दज्ञानाची मुद्दाम कठीण चाचणी दिली गेली. त्यानंतर एका गटाला सांगितले गेले की ही चाचणी अनेकांना अवघड जाते, तेव्हा स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाला आत्मसन्मान उंचावणारा संदेश मिळाला: या विद्यापीठात प्रवेश मिळाला त्याअर्थी तुम्ही हुशारच असणार. तिसऱ्या गटाला काहीच सांगितले नाही. पुढच्या चाचणीआधी अभ्यासाला हवा तेवढा वेळ घेण्याची मुभा सर्वांना होती, आणि सर्वाधिक वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते पुढच्या चाचणीला हुशारी सिद्ध करण्याची किंवा गमावण्याची जागा बनवते. ‘हे अवघड आहे, आणि ते अवघड जाणारा तू एकटा नाहीस’ हे वाक्य माणसाला पुन्हा अभ्यासाकडे पाहू देते. प्रयोग छोट्या मुदतीचा होता, त्यामुळे त्यावरून आयुष्यभराचे निष्कर्ष काढू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

स्वतःला रागावल्याने उपयोग होतो असे का वाटते

‘मी स्वतःला धारेवर धरले म्हणूनच इथवर आलो’ असे मनापासून मानणारे अनेक जण असतात, आणि त्यांचा हा अनुभव खोटा नसतो. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षकांविषयी सांगितलेला प्रसंग इथे उपयोगी पडतो. शिकाऊ वैमानिकाची एखादी कसरत उत्तम झाली आणि त्याचे कौतुक केले, तर पुढची कसरत सहसा तेवढी चांगली होत नाही. ती फसली आणि त्याला झापले, तर पुढची सुधारते. म्हणून ओरडण्याचाच उपयोग होतो, असे प्रशिक्षकांचे ठाम मत होते. वस्तुस्थिती अशी की फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी सरासरीकडे सरकते, मग ओरडा मिळो वा न मिळो. आपणही स्वतःला सर्वांत जास्त दोष देतो तो सर्वांत वाईट दिवशी, आणि दुसरा दिवस बहुधा थोडा बरा जातोच. त्या सुधारणेचे श्रेय मात्र ओरड्याला मिळते आणि सवय पक्की होत जाते.

आत्मटीकेचा खरा परिणाम आपल्या उदाहरणात पाहा. एकेचाळीस गुणांमुळे आधीच निराशा आलेली होती. त्यावर ‘तू आळशी आहेस’ हा दुष्काळातला तेरावा महिना ठरला. मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांची मांडणी अशी की आतून होणाऱ्या हल्ल्यालाही शरीर धोका म्हणूनच प्रतिसाद देते. धोका जाणवला की तातडीचे काम एकच उरते: त्या भावनेतून सुटका. पुस्तक समोर आले की ती वाक्ये ऐकू येणार, म्हणून पुस्तकच टाळले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ते पाच दिवस आळसाचे वाटतील. प्रत्यक्षात ते स्वतःपासून लपण्याचे होते.

मायकल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांच्या २०१० सालच्या अभ्यासातही असेच काही दिसले: पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली, आणि हे घडण्यात नकारात्मक भावना ओसरण्याचा वाटा होता.

करायचे काय: एका कागदाचा सराव

यासाठी कागद, पेन आणि साधारण वीस मिनिटे लागतात. मनातल्या मनात हे करू नये, कारण मनात टीकेचा आवाज नेहमी शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवतो. कागदावर त्याचे वाक्य संपते आणि समोर स्थिर राहते. घटना घडल्यावर शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर चोवीस तासांच्या आत बसावे.

*पहिली पायरी: ती वाक्ये जशीच्या तशी उतरवणे.* ‘मला वाईट वाटले’ असे सौम्य करून लिहू नये. आतला आवाज ‘तू’ म्हणत असेल तर ‘तू’ लिहावे, आणि शब्दही त्याचेच ठेवावेत. आपल्या उदाहरणातील स्त्रीने वरची तीन वाक्ये लिहिली आणि लिहिताना तिच्या लक्षात आले की ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे वाक्य तिचे नव्हतेच. लहानपणी घरातल्या एका मोठ्या माणसाच्या तोंडून ते तिने असंख्य वेळा ऐकले होते. असे काही सापडले तर त्याची नोंद करून पुढे जावे. त्याचे मूळ खणत बसणे हे या वीस मिनिटांचे काम नव्हे.

*दुसरी पायरी: घटना आणि निवाडा वेगळे करणे.* कागदाचे दोन भाग करून एका बाजूला फक्त तेच लिहावे जे एखाद्या कॅमेऱ्याने टिपले असते. ‘दोन संध्याकाळी अभ्यास झाला नाही. एका दिवशी घरी पोहोचायला नऊ वाजले. सराव परीक्षेत एकेचाळीस गुण. चुकलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक शेवटच्या दोन प्रकरणांतील.’ दुसऱ्या बाजूला निवाडे: ‘आळशी’, ‘काही होणार नाही’. ही पायरी घाईने उरकू नये, कारण उपयोगाची सगळी माहिती पहिल्या बाजूला असते. चुकलेले प्रश्न शेवटच्या दोन प्रकरणांतले आहेत हे तिला तेव्हाच दिसले, जेव्हा तिने उत्तरपत्रिका समोर ठेवली. पाच दिवस ती मिटलेलीच पडून होती. ‘बाकीचे सगळे सांभाळून पास होतात’ हे वाक्य सत्यासारखे दिसते, पण ते निवाड्याच्याच बाजूला जाते, कारण बाकीच्यांच्या बुडालेल्या संध्याकाळी तिने पाहिलेल्या नसतात.

*तिसरी पायरी: भावनेला नाव देणे.* एक-दोन ओळी पुरतात. ‘लाज वाटते आहे, घसा दाटून आला आहे, आणि परीक्षा हातची जाईल अशी भीती आहे.’ ती बदलण्याचा प्रयत्न करू नये.

*चौथी पायरी: आपण एकटे नाही, हे नेमकेपणाने लिहिणे.* ही पायरी सर्वाधिक वेळा बिघडते. ‘लोकांना याहून मोठी दुःखे असतात’ असे लिहिले तर ती तुलना होते, आणि आपल्या त्रासाचा हक्कही काढून घेतला जातो. ‘सगळ्यांचेच होते, जाऊ दे’ असे लिहिले तर विषयच मिटवला जातो. लिहायचे आहे ते या परिस्थितीबद्दल: दिवसभर काम करून संध्याकाळी एकाग्रतेचा अभ्यास करणाऱ्या कोणाही माणसाच्या वाट्याला काय येते? थकवा येतो, एखादा दिवस हातातून जातो, आणि नुकत्याच सुरू केलेल्या विषयाच्या पहिल्या सराव परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडतात. या अडचणी कामाच्या स्वरूपातूनच येतात, हे एकदा कागदावर आले की त्यांचा बंदोबस्त शोधता येतो. त्या आपल्या स्वभावाच्या मानल्या, तर शोधण्यासारखे काहीच उरत नाही.

*पाचवी पायरी: पत्र.* संपूर्ण सरावाचा गाभा इथे आहे. आधी अशी कल्पना करावी की हेच सगळे एका जवळच्या मैत्रिणीच्या बाबतीत घडले आहे. तिला पाच-सहा वाक्ये लिहावीत आणि नंतर तिच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव घालावे. थेट स्वतःला लिहायला बसले की पेन अडते, मैत्रिणीला लिहिताना ते सहज चालते. पत्रात तीन गोष्टी असाव्यात: त्रासाची दखल, जबाबदारीचा स्पष्ट उल्लेख आणि तिचे भले व्हावे ही इच्छा. मधली गोष्ट गाळली की पत्र नुसते गोंजारणे होते.

त्या स्त्रीने पहिल्यांदा लिहिले ते असे होते: ‘तू खूप हुशार आहेस. एका परीक्षेने काही ठरत नाही. तू नक्की पास होशील.’ वाचल्यावर तिला ते पोकळ वाटले, आणि ते योग्यच होते. त्यात आत्मसन्मान फुगवलेला होता, आश्वासन खात्रीशिवाय दिलेले होते आणि बुडालेल्या संध्याकाळींचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्यांदा तिने लिहिले: ‘एकेचाळीस हा आकडा पाहून तुला फार लागले, हे दिसते आहे. इतके दिवस नेमाने बसल्यावर असे झाले की वाईट वाटणारच. दोन संध्याकाळी राहिल्या हे खरे आहे. त्यातली एक तुझ्या हातात नव्हती आणि दुसरी काही प्रमाणात होती. शेवटची दोन प्रकरणे तू वाचली आहेस, पण त्यांचे प्रश्न सोडवलेले नाहीस. ही परीक्षा तुला मनापासून द्यायची आहे, म्हणून आता त्या प्रश्नांपासून सुरुवात करू.’ या पत्रात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरीही ते पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक मायेचे आहे. लिहून झाल्यावर ते हलक्या आवाजात एकदा वाचावे. शब्द मऊ आणि सूर करडा, अशी विसंगती वाचताना लगेच कानावर येते.

*सहावी पायरी: पुढची एक कृती.* केव्हा, कोठे आणि किती, हे ठरवून एकच कृती लिहावी, आणि ती मूळ योजनेपेक्षा लहान असावी. ‘उद्यापासून रोज तीन तास’ हे प्रायश्चित्त असते. ते आत्मटीकेनेच वेष बदलून लिहिलेले असते आणि दोन दिवसांत मोडते. तिने लिहिले: ‘उद्या जेवण झाल्यावर, त्याच टेबलाशी, शेवटून दुसऱ्या प्रकरणातले पाच प्रश्न. उशीर झाला तर दोन.’ उशिराची सोय आधीच केलेली असल्यामुळे उशिराचा दिवस आता अपयशाचा दिवस राहत नाही.

हे करुणा आहे की पळवाट, हे कसे ओळखावे

आत्मकरुणेविषयीची सर्वांत रास्त शंका हीच असते की माणूस स्वतःचे लाड करू लागेल. ओळखण्याची खूण कागदावरच सापडते. घटनेच्या बाजूला आधी माहीत नसलेली निदान एक गोष्ट नव्याने आली का, आपला वाटा एका वाक्यात लिहिलेला आहे का, आणि शेवटी दिवस-वेळ असलेली कृती आहे का, हे तपासावे. तिन्हींपैकी काहीच नसेल आणि तरी मन हलके झाले असेल, तर आपण वेळ मारून नेली आहे. तेव्हा दुसऱ्या पायरीवर परत जावे.

परिणाम मोजायचा तो मनःस्थितीवरून मोजू नये, कारण पत्र लिहिल्यावर बरे वाटेलच असे नाही. मोजायचे ते अंतर: घसरण झाल्यापासून कामाकडे परत येईपर्यंत किती दिवस गेले. दर वेळी एवढा एकच आकडा लिहून ठेवावा. घसरणी थांबतील अशी अपेक्षा ठेवू नये; हे अंतर कमी होत आहे का, एवढेच पाहावे. चार-पाच प्रसंगांनंतरही ते कमी होत नसेल, तर अडचण बहुधा स्वतःशी बोलण्यात नसून योजनेत आहे आणि ती योजनाच बदलायला हवी.

आणखी दोन अडचणी जवळजवळ ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे आपुलकीची वाक्ये सुरुवातीला खोटी वाटतात. तशी ती वाटू द्यावीत. ज्या भाषेत वर्षानुवर्षे कोणी बोलले नाही ती भाषा तोंडात बसायला वेळ लागतो. मात्र मनाला न पटणारे वाक्य लिहू नये. ‘मी स्वतःवर प्रेम करते’ हे पटत नसेल, तर ‘मला याचा त्रास होतो आहे आणि तो कमी व्हावा असे मला वाटते’ एवढे पुरे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. स्वतःशी मायेने बोलताना काही जणांना एकाएकी रडू कोसळते, जुन्या आठवणी उसळतात किंवा भीती वाटते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर गर्मर याची तुलना बंद खोलीतल्या धुमसत्या आगीशी करतात: दार उघडताच हवा आत जाते आणि भडका उडतो. असे झाले तर लिहिणे थांबवावे, पाय जमिनीवर टेकवावेत, आजूबाजूच्या वस्तू पाहाव्यात, पाणी प्यावे, आणि त्या दिवशी पत्र सोडून फक्त सहावी पायरी करावी. बालपणी छळ किंवा उपेक्षा सोसलेल्यांनी, तसेच दीर्घकाळ नैराश्य असलेल्यांनी हा सराव समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करणे श्रेयस्कर ठरते. आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर कागदाची वाट न पाहता लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

काही वाचक पुढे स्वतःला याच गोष्टीसाठी रागावू लागतील: ‘इतके वाचूनही मी पुन्हा स्वतःला बोललो.’ हे वाक्यही पहिल्या पायरीतलेच समजावे आणि जसेच्या तसे उतरवावे.

आपल्या उदाहरणातील स्त्रीची पहिली नोंद पाच दिवसांची होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी घरातल्या आजारपणामुळे अभ्यास पुन्हा चुकला. तेव्हा तिचा कागद जेमतेम अर्धा भरला, पत्र चार ओळींचे झाले आणि नोंद दोन दिवसांची झाली. पुढच्या सराव परीक्षेत तिला त्रेपन्न गुण मिळाले. साठपेक्षा ते कमीच होते, पण या वेळी उत्तरपत्रिका तिने त्याच रात्री उघडली.